लाजाळू पोरीची गोष्ट लिहितेस ना, मग हे बघ

पहिल्याच ओळीत 'ती फार लाजाळू होती' लिहिलंस, ते काढ. हजेरीत नाव घेतल्यावर ती नुसतं बोट वर करते, तहान लागली तरी पाणी प्यायला जाऊ का विचारत नाही, एवढं दाखव, बास.

दुसरं म्हणजे आपल्या जिल्हा परिषद शाळेत कुठं बाप्पा मोठ्ठी लायब्ररी, हेडमास्तरच्या खोलीतलं लोखंडी कपाट असते अन् त्याला कुलूप. म्हणजे पुस्तक पाहिजे तर चावी मागा लागते, अन् मागणं हेच तर तिले जमत नाही! गोष्ट इथंच आहे. जूनच्या शेवटी शाळा उघडते, गुरुजी वाळवी पाहाले कपाट उघडं टाकतात, ती एक पातळ पुस्तक दप्तरात सरकवते, मग रजिस्टरमधे नोंद नाही म्हणून परत ठेवायची भीती.

शेवटी तिले भाषणात पहिला नंबर देऊ नको. चावी मागते, तिथंच थांब.