पोटाला टाके असलेल्या मित्राला काय लिहायचं

प्रिय बाळा,

मित्राला पाठवायचा मेसेज तू आधी मला दाखवलास हे फार बरं केलंस. रात्री मी तो तीनदा वाचला. तुझा जीव किती लागलाय ते त्यात दिसतं, पण तो तसाच पाठवू नकोस. सर्जिकल वॉर्डात मी सव्वीस वर्षं काढली. ऑपरेशन झालेला माणूस उशीवर मान टाकून फोन कसा वाचतो, हे मी रोज पाहिलं आहे. तेवढ्या आधारावर सांगते.

तू लिहिलं होतंस: "अरे, नक्की काय झालं? आम्ही सगळे टेन्शनमध्ये आहोत. कुठल्या वॉर्डात आहेस, भेटायच्या वेळा काय? उद्या आम्ही पाच जण येतोय. माझ्या काकांचंही अपेंडिक्सच होतं, आत पू झाला होता, महिनाभर त्रास झाला, पण आता ठणठणीत आहेत. लवकर बरा हो!"

यात तीन प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं द्यायला त्याला फोन हातात धरून टाइप करावं लागेल. एका हाताला सलाईनची सुई आहे, भुलीची गुंगी पुरती उतरलेली नाही, वेदनेच्या औषधाने डोळे मिटतायत. असे पंधरा मेसेज आले की फोन उघडायचीच धास्ती वाटते. मग आई किंवा ताई सगळ्यांना उत्तरं देत बसते, आणि तीसुद्धा दोन रात्री झोपलेली नसते. काकांची गोष्ट तू धीर द्यायला लिहिलीस, पण झोपून असलेला माणूस त्यातला 'पू' तेवढा वाचतो. रात्री पोटात जरा दुखलं की त्याला तोच शब्द आठवणार.

राहिलं "उद्या येतोय". आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे माणुसकी सोडणं असं मानतात, त्यामुळे तुझ्या मनात काय आहे ते मला समजतं. पण एक मुलगा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. त्याचंही अपेंडिक्सच होतं, दुर्बिणीतून काढलेलं, ऑपरेशनला जेमतेम एक दिवस झालेला. संध्याकाळी चार-पाच मित्र आले, पलंगाभोवती उभे राहिले आणि कॉलेजच्या गमती सुरू झाल्या. पोटाला टाके असले की खोकला जितका दुखतो तितकंच हसणंही दुखतं. आम्ही त्याला शिकवलं होतं, हसू किंवा खोकला आला की उशी पोटावर घट्ट दाबून धर. तो उशी दाबून हसत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मित्रांना वाटलं, किती खूश झालाय! ते गेल्यावर त्याने मला हळूच सांगितलं, "सिस्टर, तासाभरापासून लघवीला लागली होती, त्यांच्यासमोर उठायची लाज वाटली." लघवीची नळी त्याच दिवशी सकाळी काढली होती आणि कितीदा लघवी होते ते आम्ही लिहून ठेवत होतो. खरं तर त्या वेळी त्याने उठून चार पावलं चालायला हवं होतं. चाललं की आतडी जागी होतात आणि वारा सरतो, आणि वारा सरला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मित्रांसमोर यातलं काहीच होत नाही. पण पाहुण्यांना "आता जा" म्हणायचं धाडस कुणाला होतं?

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड भरतात. तो बहुतेक काढून टाकतात, तरी थोडा राहतो आणि त्यामुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो. "पोटाचं ऑपरेशन आणि दुखतोय खांदा!" असं तुझा मित्र म्हणाला, तर हे तुला आधीच माहीत असू दे. पण त्याने काढल्याशिवाय तू विषय काढू नकोस.

मग लिहायचं काय? त्याची खोली, त्याचं रोजचं जग त्याच्यापर्यंत पोचव. मी तुझाच मेसेज असा करेन:

"ऑपरेशन नीट झालं, असं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. तुझ्या खिडकीतल्या तुळशीला रोज पाणी घालतोय, तिला आज मंजिरी आली. मेसमध्ये परत दुधी होता, तुझ्या वाट्याचाही मी खाल्ला, याची नोंद असू दे. लेक्चरच्या नोट्स काढून ठेवतोय, त्यांची घाई नाही. उत्तर लिहीत बसू नकोस, झोप काढ. भेटायचं तुला वाटेल तेव्हा. कंटाळा आला की नुसतं 'ये' लिही, मी आलोच."

यात प्रश्नचिन्ह एकही नाही. ऑपरेशनची बातमी कुठून कळली तेही लिहिलंय, म्हणजे सगळं पुन्हा सांगायचा भार त्याच्यावर पडत नाही. दुधीवर तो गालातल्या गालात हसेल आणि टाक्यांना तेवढंच झेपतं. पोट धरून हसवणारे व्हिडिओ पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेव. "काही लागलं तर सांग" असंही लिहू नकोस. ते वाचून काय मागावं हे त्यालाच शोधावं लागतं. तू तुळशीला पाणी घालतोयस, नोट्स काढतोयस, हे त्याने न मागता झालंय.

ऑपरेशनच्या दिवशी फोन बहुधा नातेवाइकाच्या पिशवीत असतो, म्हणून मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी पाठव. वाचल्याची निळी खूण दिसली आणि उत्तर आलं नाही, तर तसंच राहू दे. पाठोपाठ "वाचलंस ना?" असं विचारू नकोस.

तुझी खरी गरज आठवड्याने लागेल. तोवर सगळ्यांचे मेसेज थांबलेले असतात. तो घरी असतो, जड काही उचलायची मनाई असते, जरा चाललं की थकायला होतं आणि दुपार सरता सरत नाही. तेव्हा दुसरा मेसेज पाठव, दोन ओळींचा. सोबत तुळशीचा फोटो जोड. तेव्हाही 'कधी येऊ' नको, 'ये' त्याच्याकडूनच येऊ दे.

आणि ते आलं की एकटाच जा. सर्दी-खोकला असेल तर मात्र जाऊ नकोस, तसं सरळ कळव. पलंगाच्या कडेला बसू नकोस, गादी दबली की टाके ओढले जातात, खुर्ची घे. वीस मिनिटांनी ऊठ, तो "बस रे" म्हणाला तरी. चहाला आधीच नको म्हण, कारण त्याच्या आईलाही जरा पाठ टेकायची असते. शहाळं न्यायचं मनात असेल तर ताईला विचारून ने आणि पाणी शहाळेवाल्याकडूनच बाटलीत भरून घे, म्हणजे घरात कोयता शोधायला कुणाला उठावं लागणार नाही.

तुझी मावशी