उत्तर ताळ्यात जुळतं, तरी चुकीचं कसं? कंडिशन नंबरची गोष्ट

प्रश्न: दोन समीकरणं `np.linalg.solve` ने सोडवतोय. b मधला तिसऱ्या दशांशस्थळावरचा आकडा एकाने बदलला की उत्तर पार बदलतं. पण दर वेळी Ax काढून पाहिलं तर b शी जुळतंच. डिटर्मिनंटही शून्य नाही. कोडमध्ये चूक आहे का?

उत्तर: कोड ठीक आहे, मॅट्रिक्स नाजूक आहे. तुम्ही मॅट्रिक्स दिलेली नाही, म्हणून त्याच जातीची एक छोटी घेतो, हातानेही सोडवता येईल अशी:

x + y = २
x + १.००१y = २.००१

उत्तर x = १, y = १. आता दुसऱ्या ओळीत उजवीकडे २.००२ करा. वजाबाकी केली की ०.००१y = ०.००२ उरतं, म्हणजे y = २ आणि x = ०. उजवी बाजू ०.०५ टक्क्यांनी हलली आणि उत्तर शंभर टक्क्यांनी. दोष त्या ०.००१ चा आहे. दोन्ही समीकरणांत जवळपास एकच माहिती आहे, त्यामुळे y ठरतो तो त्यांच्यातल्या इवल्याशा फरकावरून. b मधली चूक त्या फरकाने भागली जाते, म्हणजे हजारपट होते. आलेखात पाहिलं तर दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर पडलेल्या आहेत. एक किंचित सरकली तरी छेदबिंदू लांब पळतो.

कंडिशन नंबर या फुगण्याची कमाल मर्यादा सांगतो. κ(A) = ‖A‖·‖A⁻¹‖ आणि

‖Δx‖/‖x‖ ≤ κ(A) · ‖Δb‖/‖b‖

```python
import numpy as np
A = np.array([[1, 1], [1, 1.001]])
np.linalg.cond(A)          # सुमारे 4002
np.linalg.cond(A, np.inf)  # सुमारे 4004
```

दोन आकडे वेगळे येतात कारण नॉर्म, म्हणजे आकार मोजायच्या पद्धती, वेगळे आहेत. त्याने बिचकू नका, इथे आकडा शेकड्यांत आहे, हजारांत की लाखांत एवढंच पाहायचं असतं, शेवटचा अंक नव्हे.

ही कमाल मर्यादा आहे, प्रत्येक वेळी तेवढी चूक होतेच असं नाही. मूळ b मध्ये ०.००१ एवढाच धक्का तीन तऱ्हांनी देऊन बघा. दोन्ही ओळींत +०.००१ केलं तर उत्तर (१.००१, १), म्हणजे जवळपास काहीच झालं नाही. फक्त दुसऱ्या ओळीत दिला तर वर पाहिलेलं (०, २). पहिलीत +०.००१ आणि दुसरीत −०.००१ दिला तर (३.००१, −१). या शेवटच्या दिशेत चूक बरोबर ४००४ पट होते (सर्वांत मोठा घटक हे माप धरून), म्हणजे मर्यादा पुरती गाठली जाते. एकदा b हलवून उत्तर टिकलं म्हणून निर्धास्त होऊ नये ते यासाठीच.

आता ताळ्याबद्दल. मूळ समीकरणांत (०, २) हे चुकीचं उत्तर घाला: पहिली ओळ तंतोतंत जुळते, दुसरीत फक्त ०.००१ चा फरक पडतो. म्हणजे रेसिड्युअल, b आणि Ax मधला फरक, छोटा आणि उत्तर साफ चूक. ताळा समीकरणाची जुळणी तपासतो, x ची अचूकता नाही.

डिटर्मिनंट इथे कामाचा नाही. वरची दोन्ही समीकरणं हजाराने गुणा, डिटर्मिनंट ०.००१ चा थेट १००० होतो, पण नाजूकपणा तसाच राहतो आणि κ ही तोच.

‘डबल प्रिसिजन वापरू का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नम्पाय आधीच डबलमध्ये काम करतं. त्यात सुमारे १६ अंक असतात. κ सुमारे ४००० म्हणजे साधारण साडेतीन अंक गेले असं धरा, तरी बाराएक उरतात. गणनेत तोटा नाही. तोटा आहे मोजमापात. तुमचा २.००१ तीन दशांशस्थळांपर्यंत राउंड केलेला असेल, तर खरी किंमत २.०००५ ते २.००१५ मध्ये कुठेही असेल आणि y ०.५ ते १.५ मध्ये कुठेही. A मधला १.००१ तसाच मोजलेला असेल तर तीच अडचण: तो १.००२ केला की y = ०.५, x = १.५.

मग करायचं काय? आधी स्तंभांची एकके बघा. एक स्तंभ मिलिमीटरमध्ये आणि दुसरा किलोमीटरमध्ये असेल, तर κ नुसता एककांमुळे फुगलेला असतो आणि स्तंभ एका मापावर आणले की उतरतो. वरच्या उदाहरणात तो उपाय चालणार नाही, कारण स्तंभ मुळातच एकसारखे आहेत.

तिथे उत्तरांकडेच नीट पाहा: (१, १), (०, २), (३.००१, −१). बेरीज २, २, २.००१. म्हणजे x + y पक्कं कळतंय, फक्त ते दोघांत कसं वाटलं गेलंय ते कळत नाही. तुम्हाला बेरीजच हवी असेल तर आहे त्या मोजमापांवर काम भागेल. वेगवेगळे x आणि y हवे असतील तर तिसरं मोजमाप घ्या, पण असं की ज्यात x आणि y चे सहगुणक ठळकपणे वेगळे असतील, उदाहरणार्थ x − y. तेच समीकरण आणखी दहा वेळा मोजून मॅट्रिक्सचा नाजूकपणा जात नाही.