नफा कोणत्या वहीतला? अर्न-आउट आणि एस्क्रोचे प्रश्न

प्रश्न : मशीनच्या सुट्या भागांचा माझा कारखाना मी 18 कोटींना विकला. 12 कोटी मिळाले, 2 कोटी एस्क्रोत, म्हणजे बँकेच्या तटस्थ खात्यात अडकवून ठेवलेले आहेत. पुढच्या वर्षीचा एबिटा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, 3 कोटींच्या वर गेला तरच अर्न-आउटचे 4 कोटी मिळणार होते. माझ्या हिशेबाने तो 3 कोटी 18 लाख आहे. खरेदीदार 2 कोटी 46 लाख दाखवतो आणि म्हणतो, ऑडिट झालंय, विषय संपला. (वाचक, चाकण)

विषय संपलेला नाही. ऑडिट झालेला ताळेबंद कायद्याने बिनचूक असू शकतो आणि तरीही त्यातला नफा तुमच्या करारातला नफा नसतो. करारात एबिटाची व्याख्या आहे. हिशेब तिच्यावरूनच व्हायला हवा.

तुम्ही पाठवलेल्या पत्रकात 72 लाखांचा फरक तीन ओळींत आहे. पहिली ओळ, समूहाच्या मुख्यालयाची मॅनेजमेंट फी, 36 लाख. तुमच्या व्याख्येत समूहातल्या कंपन्यांनी लावलेली शुल्कं वगळलेली आहेत, म्हणून ती निघते. पण तुमचा जुना अकाउंटंट आणि पगाराचं काम आता मुख्यालय करतं आणि त्यावर तुम्ही वर्षाला 9 लाख खर्चत होतात. तेवढा खर्च प्रामाणिकपणे मान्य करा. मग 27 लाख परत मिळतात.

दुसरी, ग्राहकांकडची येणी बुडतील म्हणून केलेली तरतूद, 20 लाख. यातले 6 लाख ज्या ग्राहकाकडे अडकलेत तो दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आहे. ती तरतूद तुम्हीही केलीच असती. उरलेले 14 लाख हे 180 दिवसांवरच्या प्रत्येक येण्यावर तरतूद करायच्या नव्या धोरणातून आलेत. तुमच्या करारात ‘विक्रीपूर्वीच्या हिशेबी पद्धतीनुसार’ असे शब्द आहेत. त्या तीन शब्दांवर हे 14 लाख परत येतात.

तिसरी, कामगार टिकून राहावेत म्हणून विक्रीनंतर दिलेला बोनस, 16 लाख. खरेदीदाराने स्वतःच्या सौद्यासाठी केलेला हा खर्च आहे. तुमच्या व्याख्येत ‘या व्यवहारामुळे झालेले खर्च’ वगळलेत, म्हणून तोही पूर्ण निघतो.

2 कोटी 46 लाखांत 27, 14 आणि 16 लाख मिळवले की 3 कोटी 3 लाख होतात. म्हणजे तुमचा 3.18 चा आकडाही टिकत नाही, पण उंबरठा ओलांडला जातो. फक्त 3 लाखांनी! म्हणूनच समोरचा एकेका ओळीसाठी भांडणार. अर्न-आउट ‘सगळं किंवा काहीच नाही’ असं ठेवलं की वाद जवळजवळ ठरलेलाच असतो. अडीच कोटींपासून पुढच्या प्रत्येक लाखामागे ठरावीक रक्कम, असं लिहिलं असतं तर एका बोनसवर 4 कोटी लटकले नसते.

आता आधी तारीख पाहा. पत्रक मिळाल्यापासून 30 दिवसांत ओळवार लेखी हरकत द्यायची आहे. ‘आकडा अमान्य’ एवढंच पत्र पुरणार नाही. त्यासोबत खातेवही आणि मुख्यालयाच्या फीची बिलं मागा. त्यानंतरही जमलं नाही तर करारातल्या तरतुदीप्रमाणे स्वतंत्र सीए फक्त वादग्रस्त ओळींवर निर्णय देईल.

प्रश्न : एस्क्रोची मुदत पुढच्या महिन्यात संपते. विक्रीपूर्वीच्या काळाची जीएसटीची 35 लाखांची नोटीस आली म्हणून खरेदीदाराने पूर्ण 2 कोटी अडवलेत. (वाचक, नाशिक)

मुदतीच्या आत लेखी दावा केला असेल तर तेवढे 35 लाख आणि करारात असल्यास संभाव्य व्याज अडवता येतं. बाकीचे सुमारे 1 कोटी 65 लाख ठरल्या दिवशी सुटायला हवेत. बँक मात्र कोण बरोबर हे ठरवत नाही. दोघांच्या सह्यांचं पत्र किंवा लवादाचा वा कोर्टाचा आदेश दाखवला की पैसे सोडते. दावा नसलेली रक्कम मुदत संपताच आपोआप सोडायची, असं कलम एस्क्रो करारात आहे का, ते आजच वाचा. नसेल तर त्या सहीसाठी खरेदीदाराला लेखी मागणी पाठवा.

नोटिशीला उत्तर कोण देणार, हेही महत्त्वाचं. त्या काळातली बिलं आणि विवरणपत्रं तुम्हाला ठाऊक आहेत, खरेदीदाराला नाहीत. शिवाय पैसे तुमचे जाणार असतील तर लढण्याची त्याला घाई नसते. बाजू मांडण्याचा हक्क लेखी मागा.

प्रश्न : जर्मन कंपनी आमचे शेअर 10 कोटींना घेतेय. 30 टक्के रक्कम दोन वर्षांच्या नफ्यावर द्यायची म्हणते. चालेल? (वाचक, कोल्हापूर)

असं नाही चालणार. भारतात राहणाऱ्याने परदेशी खरेदीदाराला शेअर विकताना फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या 2019 च्या नियमांप्रमाणे एकूण किमतीच्या जास्तीत जास्त 25 टक्केच पुढे ढकलता येतात, तेही करारापासून 18 महिन्यांत. तुमच्या बाबतीत अडीच कोटी.

यात तारखेची एक गोम आहे. करार ऑक्टोबर 2025 मध्ये झाला तर मुदत एप्रिल 2027 मध्ये संपते आणि मार्च 2027 च्या वर्षाचं ऑडिट तोवर होत नाही. म्हणून नफ्याचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर 2026 ठेवा आणि त्याचा हिशेब फेब्रुवारीत सीएकडून तपासून घ्या. हरकतीचे 30 दिवस धरूनही पैसे मुदतीत येतील. दोन वर्षांचा अर्न-आउट हवाच असेल तर रिझर्व्ह बँकेची परवानगी आधी लागेल.