कोरा रकाना आणि शून्य : पर्जन्यमापकाबद्दल पालकांची प्रश्नोत्तरे

वेधशाळेतली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण मृग लागला की पालकांचे प्रश्न सुरू होतात. प्रश्न तेच असतात, फक्त मुलं बदलतात. म्हणून यंदा एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली कापली, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला आणि बाहेरून पट्टी चिकटवली. पट्टीवर ३ सेंटिमीटर पाणी म्हणजे ३० मिमी पाऊस ना?

बाटलीचा तळ सपाट असता तर हो म्हणालो असतो. त्या बाटल्यांच्या तळाला खळगे असतात. आधी ते भरतात आणि मगच पाणी पट्टीवर वर चढू लागतं. कुणी तळाशी खडे टाकून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरून ठेवतात. ते पाणी उन्हात उडतं आणि शून्यच खाली सरकतं.

त्यापेक्षा पट्टी काढून टाका. बाटलीचं कापलेलं तोंड मोजा. ते ११ सेंटिमीटर भरलं, तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ९५ चौरस सेंटिमीटर होतं. त्यावर १० मिमी पाऊस पडला की आत ९५ मिलिलिटर पाणी जमतं. आता रिकाम्या बाटलीत मुलीला मापाने ९५ मिलिलिटर पाणी ओतू द्या आणि जिथे पाणी थांबेल तिथे तिलाच रेघ मारून १० लिहू द्या. आणखी ९५ ओतलं की २०. खळगे पहिल्या रेघेतच जमेस धरले गेले. पहिल्या रेघेपेक्षा कमी पाणी असेल, तर ते औषधाच्या बाटलीसोबत येणाऱ्या मापाच्या झाकणात ओतून मोजा आणि मिलिलिटरला साडेनऊने भागा. हा भागाकार तुम्ही करा, आठ वर्षांच्या मुलीला त्यात घोळवू नका. ११.३ सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं मिळालं तर उत्तमच : क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १० मिलिलिटरला १ मिमी, आणि हिशेब तिलाही जमतो.

प्रश्न : बाटलीत डास होतील का?

रोज ओतून टाकलं तर नाही.

प्रश्न : अंगण नाही. बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला तर चालेल?

नाही. वर छज्जा आणि एका बाजूला भिंत असली की तो आकडा पावसाचा उरत नाही, वाऱ्याचा होतो. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा आणि तो वाऱ्याने कलंडता कामा नये. गच्ची चालेल, पण आधी सोसायटीला विचारा. विजा कडाडत असताना मुलाला वर पाठवू नका. पाणी कुठे पळून जात नाही.

प्रश्न : रात्री झोपण्यापूर्वी मोजलं तर? सकाळी शाळेची घाई असते.

भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठला मोजतो आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितो. तुम्हाला सात वाजता जमत असेल तर सात, पण रोज सातच, आणि वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवा. तारखेचा घोळ मोठ्यांचाही होतो. मुंबईत हाहाकार उडाला तो २६ जुलै २००५ ला, पण सांताक्रूझचा ९४४ मिमीचा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे.

प्रश्न : मोबाइलवर २० मिमी दाखवतात, आमच्या बाटलीत ७. बाटली चुकते का?

बाटली नीट उघड्यावर असेल तर वहीत ७ च लिहा. मोबाइलमधला आकडा बहुतेक वेळा मोठ्या चौकोनासाठी गणिताने काढलेला अंदाज असतो. शिवाय पाऊस सगळीकडे सारखा पडतच नाही. ज्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिमी होता.

प्रश्न : तीन दिवस गावी गेलो होतो. परत आल्यावर बाटलीत ६१ मिमी पाणी. मुलाने तीनने भागून रोज २० लिहिलं. वही छान भरली. चाललं ना?

नाही चाललं. आणि यावर मी थोडा लांबणार आहे.

तुम्ही शुक्रवारी सकाळी बाटली रिकामी केली आणि सोमवारी सकाळी पाहिली. मधल्या तीन दिवसांत काय घडलं ते बाटलीला सांगता येत नाही. कदाचित शनिवार-रविवार कोरडे गेले असतील आणि रविवारी रात्री एकदमच कोसळला असेल. आता हवामान विभागाच्या व्याख्येने २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. भागाकाराने तुम्ही एका दिवसाचे तीन पावसाळी दिवस केले, उघडीप पुसलीत आणि महिन्यातला सर्वांत मोठा पाऊसही घालवलात. ६४.५ मिमीपासून पुढे 'जोरदार पाऊस' म्हणतात. त्याच्या उंबरठ्यावरचा एखादा दिवस वहीत साधी रिपरिप होऊन बसला.

बरोबर नोंद अशी : शनिवार आणि रविवारच्या रकान्यात आडवी रेघ, सोमवारी ६१, आणि तिन्ही रकाने कंसाने जोडून 'तीन दिवसांचा मिळून' हे शब्द. महिन्याची बेरीज शाबूत राहते. फक्त पावसाचे दिवस मोजताना हे तीन दिवस बाजूला ठेवायचे. बाटली काठोकाठ भरून वाहिली असेल, तर आकड्यापुढे 'पेक्षा जास्त' लिहायचं.

मुलाला तीन खुणा शिकवा. शून्य म्हणजे मी पाहिलं आणि पाऊस नव्हता. रेघ म्हणजे मी पाहिलंच नाही. आणि नरसाळं ओलं आहे पण मोजण्याइतकं पाणी नाही, ०.१ मिमीसुद्धा नाही, तर 'किंचित'. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात एका सकाळी मला जाग आली नाही. उशिरा पाहिलं तर अंगण कोरडं दिसलं, म्हणून मापक न उघडताच शून्य ठोकलं. दुसऱ्या दिवशी त्यात निघालेल्या पाण्यात आदल्या रात्रीची सर किती, हे मला आजतागायत माहीत नाही. साहेबांनी त्या शून्यावर लाल पेन्सिलने गोल केला होता. सुंदर भरलेली वही दिसली की मला तो गोल आठवतो.

प्रश्न : डिजिटल हवामान केंद्र घ्यावं का? 'अचूकतेची हमी' म्हणतात.

हमी खोक्यावर असते. आतल्या छोट्या डोलणाऱ्या कपांत पाला अडकला की पाऊस शून्य, आणि मुसळधार पावसात ते कमीच मोजतात. घेतलंच, तर शेजारी बाटली ठेवून महिनाभर दोन्ही आकडे लिहा. फरक सतत एकाच बाजूचा दिसला, तर विज्ञानाच्या शिक्षकांना किंवा जवळच्या वेधशाळेतल्या माणसाला वही दाखवा.

प्रश्न : मुलीला ढगही लिहायचेत. कसे?

आकाशाचे मनाने आठ भाग करायचे आणि किती भाग झाकले ते लिहायचं. वेधशाळेतही असंच करतात.

प्रश्न : आमच्या बाटलीत आठवड्यात ८० मिमी भरला. पेरणी करू का?

जमिनीत ओल किती खोल गेली ते बाटलीत दिसत नाही. सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा, वही सोबत न्या.