सर्लच्या प्रयोगातला ग्राफ ओरिजिनमधून गेलाच पाहिजे का?

प्रश्न: मी अकरावीत आहे. सर्ल्स अपरेटसवर स्टीलच्या तारेचा यंग्ज मॉड्युलस काढला. लोड-एक्स्टेंशनची लाइन ओरिजिनमधून न जाता थोडी वरून जातेय. पहिलं रीडिंग बदलू का? आणि उत्तर पुस्तकापेक्षा बरंच कमी का येतंय?

अजिबात बदलू नकोस. तुझं पहिलं रीडिंग बहुतेक खरं आहे, आणि उत्तर कमी येण्याचं कारणही बहुतेक त्यातच आहे. अकरावीत आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

मी एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट होतो, आता रिटायर झालो. तार ओवणं, चक आवळणं, वजनांचा गंज काढणं ही माझी कामं. शिकवणं सरांचं. त्यामुळे या प्रयोगाबद्दल माझं मत कोणी कधी विचारलं नाही, आणि एकदा न विचारता दिलं तेव्हा काय झालं ते सांगतो.

अकरावीची वार्षिक प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. एका मुलीला सर्लचा प्रयोग आला. तार स्टीलची, चकपासून चकपर्यंत २ मीटर, जाडी ०.५० मिलिमीटर. हँगर आधीपासून लटकलेला. तिने अर्ध्या अर्ध्या किलोने ३ किलोपर्यंत लोड वाढवला. दर वेळी स्क्रू फिरवून स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणायचा आणि मग वाचायचं, हे तिने नीट केलं. मी शेजारच्याच टेबलावर होतो, पाहत होतो. बुडबुडा जागेवर आला की घाईने न लिहिता जरा थांबून पुन्हा पाहायची. तिची एक्स्टेंशन मिलिमीटरमध्ये अशी आली: ०.३६, ०.६२, ०.८७, १.१२, १.३७, १.६२.

जरा बघ या आकड्यांकडे. दुसऱ्यापासून पुढे प्रत्येक अर्ध्या किलोला २५ किंवा २६ भाग वाढतात. पहिल्याच अर्ध्या किलोला मात्र ३६. तिने पेन्सिलीने रेषा काढली, ती उभ्या अक्षाला साधारण ०.१२ वर छेदून वर गेली. सरांनी जर्नल हातात घेतलं, लाल पेनाने शून्यापासून शेवटच्या बिंदूपर्यंत दुसरी रेषा ओढली आणि म्हणाले, "हूकचा नियम माहीत नाही का? लोड शून्य तर एक्स्टेंशन शून्य." गुण कापले. मागच्या टेबलावरच्या मुलाचे आकडे ०.२५, ०.५०, ०.७५ असे ओळीने. त्याने स्क्रूला हात लावलेला मी तरी पाहिला नव्हता. त्याला पैकीच्या पैकी.

मी म्हणालो, "सर, ही तार परवाच बंडलातून काढलीय, तिला वळ आहेत." उत्तर आलं, "तुम्ही वजनं पुसा."

आता मुद्द्याचं. तार वेटोळ्यातून येते, त्यामुळे टांगल्यावर ती सरळ दिसली तरी पूर्ण सरळ नसते. बोट फिरवलंस तर बारीक बाक हाताला लागतात. सुरुवातीचा लोड दोन कामं करतो: बाक उलगडतो आणि तार ताणतो. मायक्रोमीटरला दोन्हीतला फरक कळत नाही, तो बेरीज दाखवतो. बाक एकदा गेले की पुढची वाढ निव्वळ ताणाची, म्हणून पुढचे बिंदू सरळ रेषेत येतात. त्या मुलीच्या पहिल्या ३६ भागांतले ११ उलगडण्याचे होते आणि उरलेले २५ ताणाचे.

म्हणून ग्राफमधून उतार घ्यायचा. लोड आडव्या अक्षावर असेल तर

Y = gL / (πr² × उतार)

तिच्या रेषेचा उतार दर किलोला ०.५० मिलिमीटर. क्षेत्रफळ १.९६ × १०⁻⁷ चौरस मीटर. उत्तर येतं २.० × १०¹¹ न्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे स्टीलचं जे पुस्तकात आहे तेच. सरांच्या लाल रेषेचा उतार ०.५४, त्याने उत्तर १.८५ × १०¹¹. बरोबर रेषा खोडून चूक रेषा काढली आणि वर गुण कापले, हे मला आजही पचत नाही.

तुझा दुसरा प्रश्न इथेच सुटतो. तू बहुधा ग्राफवरून न काढता टेबलवरून काढलंस: प्रत्येक ओळीत एक्स्टेंशन सूत्रात घालून Y आणि शेवटी सरासरी. त्या मुलीच्या आकड्यांवर असं कर. पहिल्या ओळीत १.३९ येईल, मग १.६१, १.७२, १.७८, १.८२, १.८५. सरासरी १.७०, म्हणजे १५ टक्के कमी. उलगडण्याचे ११ भाग प्रत्येक ओळीत चिकटून आलेत, लोड वाढतो तशी त्यांची टोचणी कमी होते, एवढंच. तुझ्या टेबलमध्ये Y असा वरून खाली चढत गेला असेल तर दुसरीकडे शोधूच नकोस. तो वरखाली कसाही उड्या मारत असेल तर मात्र कारण वेगळं. बहुतेक वेळा स्क्रू उलटसुलट फिरवल्याने बॅकलॅश आलेला असतो.

आणि Y सगळ्या ओळींत सारखाच, पण सगळीकडे कमी असेल, तर जाडीवर संशय घे. त्रिज्येचा वर्ग होतो. स्क्रू गेजचा झीरो एरर +०.०२ असेल आणि तू तो वजा केला नसशील, तर ०.५० ची तार ०.५२ दिसते आणि Y ८ टक्क्यांनी पडतो. लांबीत मिलिमीटरभर चुकलास तरी २ मीटरात काही बिघडत नाही. पोरं मात्र लांबी मोजायला दोघं-तिघं जमतात आणि जाडी एका जागी एकदाच मोजतात. तारेवर निदान चार-पाच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी गेज काटकोनात फिरवून दोनदा मोज.

आता ओरिजिनचं. त्या संध्याकाळी मी सरांना घरी निघताना गाठलं आणि तेच आकडे पुन्हा दाखवले. म्हटलं, समजा पहिला १ किलो हँगरचाच भाग आहे. मग लोडमधून १ किलो वजा करा आणि एक्स्टेंशनमधून ०.६२. आता लोड ०, ०.५, १, १.५, २ आणि एक्स्टेंशन ०, ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. रेषा नेमकी ओरिजिनमधून जाते, उतार तोच, उत्तर तेच. म्हणजे ओरिजिनमधून जाणं हे तारेवर नाही, आपण मोजायला कुठून सुरुवात केली त्यावर आहे. तसंही हँगरचं वजन तारेवर पहिल्यापासून आहेच आणि ते आपण मोजतच नाही. मग आपला शून्य लोड खरा शून्य कुठे आहे? सर म्हणाले, "असे आकडे फिरवता येत नाहीत." मागच्या टेबलावर कुणी काय फिरवलं होतं ते माझ्या तोंडावर आलं होतं, गिळलं.

पुढच्या वर्षापासून मी एक पद्धत पाडली, कुणाला न विचारता. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही तारांवर चांगलं वजन लटकवून ठेवायचो, आणि सकाळी हँगरवर १ किलो कायमचा ठेवून मगच मुलांना आत सोडायचो. दुसऱ्या तारेवरही तेवढंच, कारण ती बिचारी नुसती शोभेला नसते. आढा वाकला किंवा खोली तापली तर दोन्ही तारांना सारखंच होतं आणि फरकातून ते निघून जातं. स्टीलची २ मीटर तार १ अंश सेल्सिअसला सुमारे ०.०२४ मिलिमीटर वाढते, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम लोडइतकी. पंख्याखालच्या खोलीत एकाच तारेवर हा प्रयोग केला असता तर काय आलं असतं बघ. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या सर्लने दोन तारा उगीच नाही टांगल्या. त्यानंतर आमच्याकडे सगळ्यांच्या रेषा ओरिजिनमधून जायला लागल्या आणि सर खूश झाले. कारण त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

जर्नलबद्दल अजून एक. काही पोरं या प्रयोगाच्या ग्राफला वर जाऊन यील्ड पॉइंट आणि मग तार तुटेपर्यंतची वक्ररेषा काढतात, पुस्तकातली. तू काढू नकोस. तुझ्या ३ किलोला स्ट्रेस १.५ × १०⁸ न्यूटन प्रति चौरस मीटर आणि स्ट्रेन ०.०००७५. ही पुस्तकातल्या त्या वक्राची अगदी सुरुवातीची सरळ काडी आहे, त्यापुढचं तू पाहिलेलंच नाहीस. आणि उतार म्हणजेच Y असं लिहायचं असेल तर स्ट्रेस उभ्या अक्षावर आणि स्ट्रेन आडव्यावर घे. लोड-एक्स्टेंशनच्या उताराला Y म्हटलंस तर माझ्याकडूनही गुण मिळणार नाहीत.

एक राहिलं, आणि हे आधी सांगायला हवं होतं. वरचं सगळं खरं केव्हा? रेषेची खालची बाजू बिघडलेली आणि वरची सरळ असेल तेव्हा. तुझे शेवटचे बिंदू रेषा सोडून वर सरकत असतील तर तो वळ नव्हे. एक तर तार चकमधून सरकतेय, नाही तर ताण इलॅस्टिक लिमिटच्या पुढे गेलाय. ओळखायला सोपं आहे: वजनं एकेक करून उतरव आणि परत वाच. चढताना-उतरतानाची रीडिंग एक-दोन भागांच्या फरकाने जुळली तर दोघांची सरासरी घे आणि निर्धास्त राहा. उतरताना तार पहिल्या जागी येत नसेल तर आधी चक आवळ आणि चकच्या तोंडाशी तारेवर पेनाने खूण कर. पुन्हा लोड दिल्यावर खूण हलली तर चक सैल. खूण जागेवर असूनही तार लांबच राहिली तर ती तार गेली, लॅब असिस्टंटकडून नवी मागून घे. आणि नवी मिळाली की आधी तिच्यावर रात्रभर वजन लटकवायला सांग.