‘पुन्ता’ म्हणजे टोक नाही, सेंटर : इटालियन लेथच्या कॅटलॉगातले काही शब्द

प्रश्न : इचलकरंजीच्या एका वर्कशॉपसाठी इटालियन लेथच्या कॅटलॉगचं मराठी करतेय. टेबलात पहिलीच ओळ ‘आल्तेत्सा पुन्ते २००’ अशी आहे, शब्दशः ‘टोकांची उंची’ होतं, तसंच लिहू का? इंग्रजी पानावर त्याच जागी ४०० कसे? आणि ‘वीते माद्रे’ला ‘मातृ-स्क्रू’ चालेल का?

टोकांची उंची नका लिहू. लेथवरच्या माणसाला ते वाचून काहीच कळणार नाही. पुन्ता म्हणजे टोक हे खरं, पण लेथच्या टेबलात पुन्ता म्हणजे सेंटर, म्हणजे ते शंकूसारखं टोक असलेलं जे हेडस्टॉकच्या आणि टेलस्टॉकच्या बाजूला बसवतात आणि जॉब दोन्हीकडून त्यावर धरतात. आल्तेत्सा पुन्ते म्हणजे बेडपासून त्या सेंटरपर्यंतची उंची, आणि आपल्याकडे याला सगळेच ‘सेंटर हाइट’ म्हणतात, तेच लिहा. दिस्तान्त्सा त्रा ले पुन्ते म्हणजे दोन सेंटरमधलं जास्तीत जास्त अंतर, आणि कोन्त्रोपुन्ता म्हणजे समोरचं सेंटर धरणारा भाग, अर्थात टेलस्टॉक. याच कॅटलॉगच्या शेवटच्या पानांवर पुन्ता एलिकोइदाले आलं तर मात्र ते साधं ड्रिल आहे, तिथे सेंटर लिहिलंत तर ऑर्डर चुकीची जाईल. शब्द तोच, पण कुठल्या ओळीत आलाय त्यावर अर्थ ठरतो.

आता २०० आणि ४००. सेंटर हाइट ही त्रिज्या झाली, बेडवर न घासता जेवढा मोठा जॉब फिरू शकतो त्याची. इंग्रजीत ‘स्विंग’ देतात आणि स्विंग म्हणजे पूर्ण व्यास, म्हणून दुप्पट. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ओळीचं नाव वेगळं आहे. इथे एक मोह होतो, की आपल्याकडे गिऱ्हाईक स्विंग विचारतं तर आपणच दुप्पट करून ‘स्विंग ४००’ लिहून टाकावं, तो मोह टाळा. बेडची रचना कशी आहे त्यावर कंपनी कधी ४०० देते, कधी थोडं जास्त, आणि बहुतेक इटालियन टेबलात खाली दियामेत्रो अम्मेस्सो सुल बान्को अशी वेगळी ओळ असतेच, तीच ‘बेडवरचा स्विंग’. बान्को म्हणजे इथे बेड. त्याच्या खाली सुल कार्रो असेल, तो कॅरेजवरचा स्विंग, आणि तो बराच कमी असतो कारण मधे क्रॉस स्लाइड येते. ऑपरेटरला कामाचा आकडा खरं तर तोच, लांब शाफ्ट सेंटरमधे धरून टर्न करायचा तर त्याचा व्यास या दुसऱ्या आकड्यात बसायला लागतो. या दोन ओळी मिसळल्या तर माणूस चारशेचा शाफ्ट धरायला जाईल आणि तो कॅरेजवर अडकेल.

अंतराच्या ओळीत आणखी एक गोष्ट जपा. आपल्याकडे लेथ फुटावर विकतात, सहा फुटी, आठ फुटी, आणि ते फूट असतात बेडच्या लांबीचे. इटालियन टेबलातलं १५०० मिलिमीटर हे बेडची लांबी नाहीच, ते दोन सेंटरमधलं अंतर आहे, आपल्याकडच्या जुन्या कॅटलॉगात त्याला ‘अ‍ॅडमिट बिटवीन सेंटर्स’ लिहिलेलं असायचं आणि बोलताना नुसतं अ‍ॅडमिट. १५०० म्हणजे जेमतेम पाच फूट, म्हणून कोणी ‘पाच फुटी लेथ’ लिहिलं तर वाचणारा समजेल की लहान मशीन आहे, पण बेडवर हेडस्टॉक आणि टेलस्टॉक पण बसायचे असतात, त्यामुळे बेड त्याहून पुष्कळ लांब असणार. म्हणून ‘अ‍ॅडमिट १५०० मिमी’ लिहा, फुटात करूच नका.

तुम्ही विचारलं नाहीत पण या टेबलात खरी फसगत जिथे होते ती जागा वेगळीच आहे. वेगाच्या ओळीत तुम्हाला बहुधा असं काहीतरी दिसेल (आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत) :

```
40 ÷ 2.000 g/1'
0,05 ÷ 0,75 mm/g
```

पहिल्या ओळीत तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही आपल्या डोळ्याला उलट्या दिसतात. मधलं चिन्ह भागाकाराचं नाही, इटालियन तांत्रिक लिखाणात ते ‘पासून ... पर्यंत’ या अर्थाने वापरतात. 2.000 मधला टिंब दशांशाचा नाही, तो हजाराचा आहे, म्हणजे दोन हजार. आणि 1' म्हणजे एक फूट नाही, एक मिनिट. g म्हणजे जीरी, फेरे. तर मराठीत ‘४० ते २००० आरपीएम’ एवढंच. दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम हाच दशांश आहे, आणि g परत फेरा, ग्रॅम नव्हे, म्हणून ‘फीड ०.०५ ते ०.७५ मिमी प्रति फेरा’. ड्रॉइंगवर आयुष्यभर 1' म्हणजे फूट वाचलेला माणूस याला ‘दर फुटाला इतके फेरे’ असं अगदी सहज वाचतो, त्यात त्याची काही चूक नाही.

टिंब आणि स्वल्पविरामाचा गोंधळ पकडायची माझी पद्धत अशी, की आधी टेबलातली अशी ओळ शोधायची जिचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. वजनाची ओळ सगळ्यात चांगली. तिथे 2.150 लिहिलंय आणि मशीन माणसाच्या उंचीचं आहे तर ते दोन किलो असूच शकत नाही, म्हणजे या कॅटलॉगात टिंब हजारासाठी आहे. मग तोच नियम सगळीकडे. पण पान कोणी इंग्रजीवरून परत उतरवलेलं असेल तर एकाच टेबलात दोन्ही पद्धती सापडतात, म्हणून मी निदान तीन-चार ओळी अशा तपासतो. मराठीत लिहिताना हजारासाठी काहीच चिन्ह घालू नका, नुसतं २००० लिहा, शंका राहत नाही. आणि माझं मत विचाराल तर टेबलात आकडे इंग्रजीच ठेवा, देवनागरी नकोत, कारण व्हर्नियरवर, मशीनच्या डायलवर आणि ड्रॉइंगवर तेच असतात, माणूस एक डोळा टेबलावर आणि एक डायलवर ठेवून काम करतो.

आता टॉलरन्स. तोल्लेरान्त्सा ला ‘सहनशीलता’ करू नका, टॉलरन्सच ठेवा, दुकानात तोच शब्द आहे. पण शब्दापेक्षा जपायचंय ते अक्षर. फिट देताना Ø 40 g6 असं लिहितात, त्यात मोठं अक्षर म्हणजे भोक आणि लहान अक्षर म्हणजे शाफ्ट. देवनागरीत ‘४० जी-सिक्स’ लिहिलं की हा फरकच मेला, मोठं-लहान आपल्या लिपीत नाहीच, म्हणून हे कोड रोमनमधेच आणि अगदी जसंच्या तसं ठेवायचं.

हे मी अनुभवातून सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका अ‍ॅक्सेसरीजच्या टेबलात पेर्नो (म्हणजे पिन) Ø 40 g6 असं होतं आणि समोर भोक H7. टेबल टाइप करताना सेलमधलं पहिलं अक्षर आपोआप मोठं करायची सोय चालू राहिली आणि g6 चं G6 झालं, माझ्या लक्षात आलं नाही. आता बघा काय होतं. g6 ला ४० मिलिमीटरच्या पिनची हद्द उणे ९ ते उणे २५ मायक्रॉन, म्हणजे पिन ३९.९७५ ते ३९.९९१. G6 ला तेच आकडे पण अधिक, ४०.००९ ते ४०.०२५. भोक H7 म्हणजे ४०.००० ते ४०.०२५. मूळ जोडीत पिन भोकापेक्षा नेहमी लहान राहते, कमीत कमी ९ मायक्रॉनचा प्ले राहतो, हाताने सरकते. माझ्या टेबलावरून केलेली पिन ४०.०१८ ला आली आणि भोक ४०.००६ ला होतं, आत जाईचना. टर्नरने काम अगदी बरोबर केलेलं, त्याच्या हातात टेबलच उलटं होतं. पिन परत मशीनवर घेऊन बारीक करता आली म्हणून निभावलं, हेच उलटं झालं असतं तर तो पार्ट भंगारातच गेला असता. तेव्हापासून टेबल हातात घेतलं की आधी ती आपोआपची सोय बंद करतो, आणि काम संपल्यावर मूळ पान शेजारी ठेवून फक्त अक्षरं वाचत जातो, आकडे वेगळे, अक्षरं वेगळी, दोन फेऱ्या.

मॉडेल कोडलाही हाच नियम. समजा कोड आहे T 200/1500 (हा मी रचलेला), तर २०० सेंटर हाइट आणि १५०० अ‍ॅडमिट असं त्यात दडलेलं असू शकतं, ते वाचकाला खाली एका ओळीत सांगायला हरकत नाही, पण टेबलातल्या दुसऱ्या ओळींशी ताडून बघून मगच, शेपटीला लागलेल्या अक्षराचा अर्थ अंदाजाने लावू नका. कोड स्वतः मात्र मोकळी जागा, तिरकी रेघ सगळ्यासकट तसाच, कारण तोच मशीनच्या पाटीवर कोरलेला असतो आणि स्पेअर मागवताना तोच सांगावा लागतो.

आता वीते माद्रे. ‘मातृ-स्क्रू’ नको, तो लीड स्क्रू, ज्याच्यावर आटे पाडताना कॅरेज सरकते. गंमत म्हणजे हेच शब्द उलटे जोडून माद्रेवीते केलं की अर्थ बदलतो, ते नट, आतून आटे असलेला भाग, आणि दोन्ही एकाच पानावर आले की घाईत एकच वाटतात. त्याच्या शेजारी पास्सो असेल तर ते आट्याचं पिच, आणि पोल्लिचे दिसलं तर तो अंगठा नव्हे, इंच.

आणि मान्द्रीनो भेटेलच, त्याचं मराठी करायच्या आधी ओळ बघा. फोरो मान्द्रीनो असेल तर स्पिंडल बोअर, म्हणजे बार आरपार घालायचं भोक. पण अ‍ॅक्सेसरीजच्या यादीत नुसतं मान्द्रीनो असेल तर ते बहुतेक ड्रिल चक असतं. लेथचा तीन जबड्यांचा चक हवा असेल तर तिथे सहसा आउतोचेन्त्रान्ते लिहिलेलं असतं.