टाच दुखतेय? बूट दुकानातच वाकवून बघा

भाऊ, सिद्धार्थ उद्यानात फिरण्यासाठी बूट घेताय तर नुसत्या मऊपणाला भुलू नका. अंगठा रुतेल असा सोल दुकानात छान वाटतो, पण चालताना त्यात टाच डगमगते आणि तळव्याच्या दुखऱ्या पट्ट्यावर ताण येतो.

बूट टाचेला आणि टोकाला धरून वाकवा. बोटांच्या सांध्यापाशी वाकला तर ठीक. मधोमध, कमानीखाली दुमडला तर परत ठेवा, दुकानदार कितीही सूट देवो. मग ओल्या कपड्यासारखा पिळून बघा. सहज पिळला जाऊ नये. टाचेमागची वाटी चिमटीत दाबा, ती कडकच हवी. टाच पंजापेक्षा साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच असली की पोटरीची ओढ कमी होते, म्हणून सपाट कॅनव्हास नकोच.

खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात.

आणि घरात? पहाटे उठल्या उठल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उतरलात तर चांगला बूटही काय करणार! पलंगाखाली जाड तळाची चप्पल ठेवा. टाच रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा बधिर होत असेल, तर बूट राहू द्या, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.